तिच्या उदास स्टेटसला काय लिहू? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींना मराठी व्याकरण शिकवतो. तास संपला की दोघे-तिघे फळ्यापाशी रेंगाळतात. ‘सर, एक शंका होती,’ म्हणत एकजण पुढे येतो. शंका कर्मणी-भावे प्रयोगाची असेल असं समजून मी खडू उचलतो, तर समोर मोबाईल धरलेला असतो. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत त्याच्या क्रशचं व्हॉट्सॲपवरचं उदास स्टेटस, आणि खाली प्रश्न: ‘याला काय रिप्लाय देऊ?’

एवढ्या वर्षांत हे प्रश्न इतक्यांदा आले की उत्तरं पाठ झाली. तीच इथे लिहून ठेवतो. ‘ती’ लिहिलंय कारण विचारणारे बहुतेक मुलगे असतात. मुलींनी ‘तो’ वाचावं. त्यांच्यासाठी पुढे वेगळा प्रश्नही आहे.

स्टेटस दिसलं. लगेच लिहू की थांबू?

व्हॉट्सॲपचं स्टेटस २४ तास राहतं, त्यामुळे गाडी सुटत नाहीये. टाकल्यावर अर्ध्या मिनिटात आलेलं उत्तर पाहून समोरच्याला वाटतं, हा फोन हातात धरूनच बसला होता. ते खरं असलं तरी दिसायला नको.

त्याहून महत्त्वाची आहे ती वेळ. रात्री पावणेबाराला टाकलेल्या ओळीला रात्री दीड वाजता ‘जागी आहेस?’ असं लिहिलं, तर तुमच्या मनात काहीही असो, त्या दोन शब्दांना त्या वेळी एक वेगळाच वास येतो. मुली तो ओळखतात. तोच मजकूर सकाळी साडेआठला गेला तर साधा वाटतो आणि वर एक गोष्ट न सांगता सांगतो, की ही ओळ रात्र उलटली तरी याच्या लक्षात राहिली.

सीन लिस्टची भीती अनेकांना असते. तुम्ही रीड रिसीट म्हणजे निळ्या टिका बंद केल्या असतील, तर स्टेटस पाहिल्याचं तिला दिसत नाही, आणि तुमचं कुणी पाहिलं ते तुम्हालाही दिसत नाही. चालू असतील तर तुमचं नाव तिच्या यादीत असणारच. त्यात काही बिघडत नाही, पाहायलाच टाकलेलं असतं ते. एकाच स्टेटसवर पाचदा गेलात तरी नाव एकदाच दिसतं, हे ऐकून आमच्या एका बॅचने सामुदायिक सुस्कारा सोडला होता.

एका प्रकारच्या स्टेटसला मात्र सकाळची वाट बघायची नसते. त्याबद्दल खाली लिहिलंय.

नुसता बदाम किंवा इमोजी टाकला तर चालेल?

ओळख जुजबी असेल तर चालेल. स्टेटसवरचा बदाम चॅटमध्ये येत नाही, तिच्या पाहणाऱ्यांच्या यादीत तुमच्या नावापाशी दिसतो. म्हणजे खोलीत न शिरता दारातून मान हलवण्यासारखं. तयार इमोजींपैकी एखादा दाबलात तर तो उत्तर म्हणून थेट चॅटमध्ये जाऊन पडतो, आणि मग तो एकटा इमोजी त्या पांढऱ्या जागेत फार केविलवाणा दिसतो.

हात जोडलेला तर अजिबात नको. आपल्याकडे तो निधनवार्तेखाली आणि नगरसेवकांच्या शुभेच्छांखाली इतका वापरलाय की उदास कवितेखाली तो पडला की कविताच वारल्यासारखी वाटते. रडका चेहराही नको. ती उदास आहे हे तिला माहीत आहे.

‘काय झालं?’ विचारण्यात चूक काय? काळजीपोटीच विचारतो ना!

काळजी खरी आहे, पण प्रश्न जड आहे. जिने एक ओळ टाकली तिने ठरवून एकच ओळ टाकलेली असते. पूर्ण गोष्ट सांगायची असती तर तिने मैत्रिणीला फोन केला असता. ‘काय झालं?’ म्हटलं की तिला एकतर सगळं उलगडून सांगावं लागतं, नाहीतर ‘काही नाही’ म्हणून खोटं बोलावं लागतं. शंभरातले नव्वद वेळा माणूस दुसरा रस्ता घेतो आणि तुम्ही ‘ओके’ लिहून मोकळे होता. (हे नव्वद माझ्या अंदाजाचे, मोजलेले नाहीत.)

‘कोणी काही बोललं का?’ हा त्याचाच धाकटा भाऊ. यात तर कारणही तुम्हीच ठरवून टाकलंत. आणि ‘नाव सांग, बघतो त्याला’ हे लिहिणाऱ्याला मी वर्गाबाहेर उभं करतो.

प्रश्नाऐवजी ओळीशी बोला. तिने ओळ समोर ठेवली आहे, तिथपर्यंत जायला परवानगी आहे. ओळीच्या मागे जे आहे तिथे ती नेईल तेव्हा जायचं.

मग नेमकं लिहायचं तरी काय? एखादं उदाहरण पूर्ण सांगा.

मागच्या वर्षीची गोष्ट. विद्यार्थी परभणीकडचा, ती साताऱ्याकडची. दोघे सदाशिव पेठेतल्या एकाच अभ्यासिकेत बसायचे आणि एकाच मेसला जेवायचे. बोलणं आमटी-भाताइतकं. तिने रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी स्टेटस टाकलं:

तुळस वाळली तरी वृंदावन कुणी हलवत नाही.

खाली नाव नाही, इमोजी नाही. हा सकाळी आठच्या तासाला आला तेव्हा स्टेटसचे पंधरा तास शिल्लक होते आणि याच्याकडे तीन मसुदे होते. तिन्ही त्याने नोट्समध्ये लिहून ठेवले होते, थेट चॅटमध्ये नाही. ही सवय चांगली. चॅटमध्ये खरडत बसलात आणि तिने तेव्हाच चॅट उघडलं, तर ‘टायपिंग’ दिसतं, थांबतं, परत दिसतं, आणि शेवटी येतं काय तर ‘हम्म’.

पहिला मसुदा: ‘काय झालं? कोणी बोललं का काही? मला सांग, मी आहे ना.’ यातल्या पहिल्या दोन प्रश्नांबद्दल वर लिहिलंच. ‘मी आहे ना’ हे फार मोठं वाक्य आहे. ते आई म्हणते, जुना मित्र म्हणतो. मेसमधल्या ओळखीवर ते उधारीचं वाटतं.

दुसरा: ‘वा! जबरदस्त ओळ!’ आणि टाळ्या. म्हणजे ती एकटी ओसरीवर बसली आहे आणि हा प्रेक्षकांतून दाद देतोय.

तिसरा चौदा ओळींचा होता. त्यात याचे काका, त्यांचं आजारपण, याने तेव्हा स्वतःला कसं सावरलं, असं सगळं होतं. मनापासून लिहिलेलं होतं, वाचून मलाही वाईट वाटलं. पण तिच्या एका ओळीला चौदा ओळींचं उत्तर दिलं की दुःखाची मालकी बदलते. आता तिने याचं सांत्वन करायचं.

मी विचारलं, तिच्याबद्दल तुला माहीत काय आहे? अंदाज नको, तिने स्वतः सांगितलेलं. बराच वेळ डोकं खाजवून म्हणाला, एकदा मेसमध्ये चहाला उशीर झाला तेव्हा ती म्हणाली होती की तिच्या आजीचं बरं आहे, तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहालाच शिवत नाही.

हे सापडलं की अर्धं काम झालं. त्याने लगेच लिहिलं: ‘तुझी आजी तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा घ्यायची नाही, ते आठवलं.’ मी थांबवलं. ‘घ्यायची नाही’ हा रीतिभूतकाळ. आजी हयात असेल तर या क्रियापदाने तू तिला मारलंस. बरं, ‘घेत नाही’ लिहावं आणि आजी गेलेली असली, म्हणूनच ती ओळ आलेली असली, तर? तेही बोचेल. यातून वाट एकच, आजीला क्रियापदच द्यायचं नाही.

शेवटी गेलेला मेसेज असा:

‘वृंदावनाची ओळ सकाळी परत वाचली. मेसमध्ये तू आजीच्या तुळशीची आणि चहाची गोष्ट सांगितली होतीस, ती आठवली. बरी आहेस का? उत्तराची घाई नाही, अभ्यास चालू दे.’

चार छोटी वाक्यं. पहिलं सांगतं की ओळ वाचली, नुसती पुढे सरकवली नाही. दुसऱ्यात ऊब आहे, आणि ती कुठल्याही विशेषणात नाही, तिने सहज बोललेलं याच्या लक्षात राहिलं यात आहे. तिसरा प्रश्न एवढा लहान की त्याला ‘हो’ म्हणूनही सुटता येतं. चौथ्याने दार उघडं ठेवलं आणि हा स्वतः दारातून बाजूला झाला.

दुपारी दोनला उत्तर आलं. ‘आजी जाऊन काल तारखेने वर्ष झालं. घरी तिथीने करतात, म्हणून काल कुणाच्या लक्षातच नव्हतं.’

आता कळली ती ओळ. वर्षश्राद्ध तिथीवर, म्हणजे घरी सगळे जमणार ते वेगळ्या दिवशी. तारीख मात्र तिच्या एकटीच्या डोक्यात होती, पुण्यात, अभ्यासिकेच्या टेबलावर. हे कुठल्याही अंदाजाने सापडलं नसतं.

याचा हात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’कडे चालला होता. त्याऐवजी त्याने लिहिलं: ‘म्हणजे काल एकटीनेच लक्षात ठेवलंस. कशी होती आजी?’ गेलेल्या माणसाबद्दल हा प्रश्न फार कमी जण विचारतात. सगळे ‘कशाने गेली’ विचारतात. तिने बराच वेळ टाइप केलं. आजी पत्ते खेळताना लबाडी करायची, हे त्यातलं मला सांगण्यात आलं. बाकीचं त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

संध्याकाळी त्याचा शेवटचा मेसेज: ‘सातला चहाला जातोय. आलीस तर बरं, नाही आलीस तर दोन्ही कप मीच पितो.’ ती आली नाही. दुसऱ्या दिवशी आली.

ऊब किती दाखवायची? जास्त झाली तर कळेल कसं?

मराठीत हे एका अक्षरावर मोजता येतं, म्हणून मला या प्रश्नाचं उत्तर द्यायला आवडतं.

‘ओळ वाचली, आवडली.’ इथे आवडली ती ओळ. ‘ओळ वाचली, आवडलीस.’ इथे फक्त एक ‘स’ वाढला आणि तुम्ही प्रेम व्यक्त करून बसलात. तसंच ‘गोष्ट आठवली’ आणि ‘तू आठवलीस’. उदास स्टेटसच्या पहिल्या उत्तरात तो ‘स’ येऊ द्यायचा नाही. माणूस खचलेला असताना त्याच्यासमोर आपल्या मनाचा हिशेब मांडला की त्याला दोन ओझी होतात: आधीचं दुःख, आणि वर तुम्हाला काय उत्तर द्यायचं याची चिंता. तो ‘स’ कुठल्यातरी चांगल्या दिवसासाठी राखून ठेवा.

‘बरी आहेस ना?’ आणि ‘बरी आहेस का?’ यांतही फरक आहे. ‘ना’ला ‘हो’ ऐकायचं असतं. समोरच्याला सहज ‘हो’ म्हणून सुटता यावं असं वाटत असेल, विषय हलका असेल, तर ‘ना’. खरंच विचारायचं असेल, ‘नाही’ ऐकायची तयारी असेल, तर ‘का’. वरच्या मेसेजमध्ये ‘का’ आहे ते म्हणून.

‘गं’ जपून. वर्षभराची मैत्री असेल तर ‘बरी आहेस का गं?’ यासारखं मऊ वाक्य नाही. पण आजवर कधी ‘गं’ म्हटलेलं नसताना नेमकं तिच्या उदास रात्री ते उगवलं, तर तिला ते ऐकू येतंच. रोज बोलताना जे शब्द वापरता त्याहून फार तर एक पायरी जवळ जा. दोन नाही. तिच्या घरचं लाडाचं नाव तुम्हाला कुठून कळलं असेल, तर ते कळलंच नाही असं समजा.

‘काळजी घे’ बद्दल एक इशारा. ऐकायला गोड आहे, पण आपल्याकडे ते फोन ठेवतानाचं वाक्य आहे. बोलणं चालू राहावं असं वाटत असेल तर ते शेवटीच लिहा, तेही लिहायचंच असेल तर.

तिने कविता टाकली आहे. ती तिची स्वतःची आहे की कुणाची, हे माहीत नाही.

मग दोन्हीला चालेल असं लिहा. ‘तिसऱ्या ओळीत थांबलो’ हे कुणाच्याही कवितेला खरं असू शकतं. ‘किती छान लिहितेस!’ लिहिलंत आणि ती एखाद्या नावाजलेल्या कवीची निघाली, तर तुमचं वाचन उघडं पडतं. ‘ही कुणाची गं?’ विचारलंत आणि ती तिचीच निघाली, तर तिचं मन पडतं. दुसरं जास्त वाईट.

खाली मोठ्या कवीचं नाव असेल आणि तुम्हाला ठामपणे माहीत असेल की ही ओळ त्यांची नाही, तरी गप्प बसा. चुकीच्या नावाने फिरणाऱ्या कविता व्हॉट्सॲपवर ढिगाने आहेत. त्या दुरुस्त करायला आमच्यासारखे व्याकरणवाले पुरेसे आहेत. ऱ्हस्व-दीर्घाचंही तेच. ‘पाउस’ लिहिलं असेल तर त्या दिवशी पाऊस तसाच पडतो.

तिची स्वतःची कविता आहे हे नक्की असेल तर कौतुक एका शब्दावर ठेवा. ‘खूप सुंदर’ हे तिला बाराजणांनी लिहिलेलं असतं. ‘तू “रिकामा” न लिहिता “ओस” लिहिलंस, त्यामुळे घर डोळ्यासमोर आलं’, हे एकानेच लिहिलेलं असतं. त्यासाठी कविता दोनदा वाचावी लागते, आणि नेमकं तेच तिला दिसतं.

मीपण चारोळी करून पाठवू का?

नको.

अगदीच राहवत नसेल तर लिहा, वहीत ठेवा, आठवड्याने वाचा. उदास ओळीला यमक जुळवून उत्तर दिलं की तिच्या दुःखाची भेंड्यांची मैफल होते. शिवाय तुमची चारोळी तिच्यापेक्षा चांगली झाली तरी पंचाईत आणि वाईट झाली तरी पंचाईत.

‘काही नाही रे, असंच’ असं उत्तर आलं. आता?

‘असंच’ हा मराठीतला सर्वांत कामसू शब्द आहे. त्याचा अर्थ खरंच काही नाही असाही होतो, आहे पण तुला सांगायचं नाही असाही होतो, आणि अजून एकदा विचारलंस तर सांगेन असाही होतो. तुम्हाला यातला कुठला हे त्या शब्दावरून कळणार नाही. म्हणून तिन्हींत बसेल असं उत्तर द्या: ‘बरं. असंच असली तरी ओळ चांगली होती.’

‘नाही, सांगच’ हे नको. ‘खोटं नको बोलूस’ हे तर नकोच. त्यावर लगेच वेगळा विषय काढावा का? काढा, पण तो खरा असू द्या. उद्याच्या टेस्टचा पेपर, मेस बंद असण्याची सूचना, असं काहीतरी जे तुम्ही एरवीही लिहिलं असतं. तिसऱ्या अर्थाची ‘असंच’ असेल तर ती दोन-चार वाक्यांनंतर आपणहून परत येते. ‘मघाशी विचारत होतास ना...’ अशी सुरुवात झाली की फोन बाजूला ठेवू नका.

ते स्टेटस माझ्यासाठीच असेल का?

बहुतेक नाही. टोमण्याचं स्टेटस असतं, अमुक एकाने वाचावं म्हणून टाकलेलंही असतं, ही गोष्ट खरी. पण ‘काही माणसं फक्त गरजेपुरती आठवतात’ ही ओळ वाचून वर्गातल्या तीन वेगवेगळ्या मुलांनी मला एकाच दिवशी विचारलं होतं, की सर, हे माझ्यावर असेल का? ते तिच्या रूममेटवर होतं, सिलिंडरच्या पैशांवरून.

‘हे माझ्यासाठी आहे का?’ असं तिला विचारू नका. तुमच्या हातून खरंच काही दुखावणारं झालं असेल तर स्टेटसचा उल्लेख न करता त्या गोष्टीबद्दल सरळ माफी मागा. स्टेटस कुणावरही असलं तरी ती माफी वाया जात नाही.

आम्ही अजून ‘तुम्ही’वर आहोत. ऑफिसमधली ओळख आहे.

मग ‘तुम्ही’वरच राहा. उदास स्टेटस ही ‘तू’वर यायची संधी नाही. ‘ओळ वाचली, मनात राहिली. बऱ्या आहात ना?’ एवढं ‘तुम्ही’तही पुरेसं मऊ आहे, आणि इथे ‘का’पेक्षा ‘ना’ बरा, कारण तिला सहज सुटता आलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी ऑफिसात चारजणांसमोर ‘काल काय ते स्टेटस!’ असं मात्र म्हणू नका. स्टेटसचं उत्तर चॅटमध्ये दिलं, तर ते बोलणं तिथलंच.

क्रश मुलगा आहे. मी लिहिलं तर ‘पुढे पुढे करते’ असं वाटेल का?

त्याला वाटेल की बाकीच्यांना? चॅट बाकीच्यांना दिसत नाही. मुलगे उदास झाले की बहुधा स्वतःची ओळ लिहीत नाहीत, जुन्या गाण्याचा तुकडा किंवा रिकाम्या रस्त्याचा फोटो टाकतात. त्यांना कुणी फारसं विचारतही नाही, मित्र विचारतात ते ‘काय भावा, ब्रेकअप?’ असं. त्यामुळे ‘फोटो बघितला. कुठला रस्ता रे हा?’ एवढं साधं विचारलं तरी तो बोलायला लागतो, कारण रस्त्याबद्दल बोलणं सोपं असतं. मनाबद्दलचं त्या रस्त्याने हळूहळू येतं. त्याला समोरासमोर बसवण्यापेक्षा बरोबर चालत बोलणं बरं पडतं, म्हणून लांबलचक चॅटपेक्षा ‘चहाला येतोस?’ चांगलं.

स्टेटस वाचून भीती वाटली. ते नुसतं उदास नाही वाटत.

‘आता कुणाला त्रास देणार नाही’, ‘सगळ्यांनी माफ करा’, ‘एवढंच होतं’ अशी निरोपाची भाषा असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असं सरळ लिहिलं असेल, तर वरचं सगळं विसरा. ऊब, ‘स’, वेळ, काही नाही. रात्रीचे दोन वाजले असतील तरी फोन करा. मेसेज नाही, फोन. उचलला तर आडवळणाने जाऊ नका: ‘जीव द्यायचा विचार येतोय का?’ असं स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट कुणीतरी शब्द उच्चारला म्हणून माणूस बोलू शकतो.

उत्तर ‘हो’ असेल, किंवा फोनच उचलला नाही, तर तिच्याजवळ जो प्रत्यक्ष पोचू शकतो त्याला कळवा: रूममेट, होस्टेलच्या रेक्टर, घरचे. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक आहे, २०२२च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, मोफत आहे, चोवीस तास आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. काय करावं हे तुम्हालाच कळत नसेल तर तुम्हीही तिथे फोन करू शकता. धोका आत्ता, या क्षणी असेल तर ११२.

तिला आवडण्यासाठी हे करायचं नाही आणि नंतर कधी आठवणही करून द्यायची नाही.

मेसेज गेला, टिका निळ्या झाल्या, उत्तर नाही.

येऊ द्या किंवा न येऊ द्या. ‘उत्तराची घाई नाही’ असं तुम्हीच लिहिलंत, आता ते पाळा. दुसऱ्या दिवशी ‘?’ पाठवणं म्हणजे दार उघडं ठेवून आत दगड मारणं. पुढचं उदास स्टेटस आलं की परत तसंच, मग त्यापुढच्यालाही, असं करू नका. दोनदा लिहून काहीच आलं नाही तर स्टेटसवर लिहिणं बंद. समोरासमोर भेटाल तेव्हा नेहमीसारखे वागा, तोंड पाडून फिरू नका.

आणि तिने ‘नको लिहूस’ असं सांगितलं किंवा ब्लॉक केलं, तर दुसऱ्या नंबरवरून, इन्स्टावरून, मैत्रिणीमार्फत, कसंही नाही. स्त्रीने स्पष्ट नकार दिल्यावरही वारंवार संपर्क साधत राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा आहे, इंटरनेटवरच्या तिच्या वावरावर नजर ठेवणंही त्यातच येतं. हे कलम परीक्षेलाही येऊ शकतं, तेवढ्यासाठी तरी वाचून ठेवा.

पाठवला आणि लगेच लाज वाटली. डिलीट करू?

‘हा मेसेज डिलीट केला गेला’ ही ओळ तिथे राहते, आणि ती तुमच्या मूळ मेसेजपेक्षा नेहमीच जास्त रहस्यमय असते. टायपिंगची चूक असेल तर पहिल्या पंधरा मिनिटांत एडिट करता येतो. एडिट केल्याची खूण दिसते, पण चालतं. मजकूरच चुकला असं वाटत असेल तर आधी स्वतःच्या आवाजात एकदा मोठ्याने वाचून बघा. नव्वद टक्के वेळा तो ठीक असतो, लाज फक्त पाठवल्याची असते. आणि खरंच तो जास्तीचा ‘स’ गेला असेल, तर तसाच राहू दे. आता काही करू नका, जेवायला जा, मेस साडेनऊला बंद होते.